पस्तीस, एकोणपन्नास, एक्केचाळीस

"दाजी, काठावर पास!"

हॉस्पिटलमधून घरी आलो त्या संध्याकाळी मेहुण्याने फाइल उघडून इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा कागद बाहेर काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो हे बोलला. तिथे छापलं होतं, ईएफ ३५ टक्के. दहावीला पस्तीसला पास करणाऱ्या राज्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! मी हसलो, पण ही हसली नाही. तिच्या डोक्यातला हिशेब सरळ होता: हृदय शंभर टक्के चालायला हवं, यांचं पस्तीस टक्के चालतंय, म्हणजे पासष्ट टक्के गेलं. पुढचे पंधरा दिवस तिने मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर तो आकडाही दिला.

माझा त्या आकड्यावरचा राग वेगळाच होता. आधीच्या दिवाळीत गावात आरोग्य शिबिर झालं होतं. तिथे माझाही इको झाला होता, आणि त्यावर ईएफ ६०, खाली 'नॉर्मल' असा शेरा होता. त्या कागदाच्या भरवशावर मी चढावर चालताना छातीत होणारी जळजळ दोन महिने पित्त म्हणून अंगावर काढली. मग जानेवारीतल्या एका पहाटे हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी वाहिनी पूर्ण बंद झाली. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, आणि दुसऱ्या दिवशीच्या इकोत ६० चे ३५ झाले होते.

मी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. जमिनीची मोजणी करायची, हद्दी दाखवायच्या, नकाशा काढून क्षेत्र लिहून द्यायचं. या धंद्यात एक खोड लागते. कुणी आकडा सांगितला की तो कशाने मोजला, कुठून कुठपर्यंत मोजला, हे विचारल्याशिवाय जेवण जात नाही. शरीराच्या बाबतीत मात्र ती खोड मला उशिरा आठवली. आठवली तीसुद्धा आकडे एकमेकांशी भांडायला लागले तेव्हा.

आधी हा आकडा आहे तरी काय, ते सांगतो. हृदयाचा डावा खालचा कप्पा सगळ्या शरीराला रक्त ढकलतो. तो पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्यात किती रक्त मावलंय, हे रिपोर्टवर ईडीव्ही म्हणून येतं. आकुंचन पूर्ण झाल्यावर आत किती उरलंय, ते ईएसव्ही. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे एका ठोक्याला बाहेर गेलेलं रक्त, आणि ते भरलेल्या रक्ताच्या किती टक्के आहे तो आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ईएफ.

EF = (EDV − ESV) ÷ EDV × 100

माझ्या पहिल्या कागदावर ईडीव्ही १२० मिली आणि ईएसव्ही ७८ मिली होतं. गेले ४२ मिली. ४२ भागिले १२०, म्हणजे ३५ टक्के. धडधाकट माणसाचं हृदयही कप्पा कधी रिकामा करत नाही. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ हे नेहमीचं माप आहे. तेव्हा शंभरातून वजाबाकी करून 'पासष्ट टक्के गेलं' म्हणणं चूकच, कारण शंभर कुणाचंच नसतं. ही गोष्ट हिला पटवायला मला लोटीभर पाणी घ्यावं लागलं. निम्म्याहून जरा जास्त ओतून दाखवलं आणि म्हटलं, तुझं हृदय दर ठोक्याला एवढंच ओततं, बाकीचं आतच ठेवतं, आणि तरी तू मला दिवसभर बोलू शकतेस.

डिस्चार्जच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की हा पस्तीस मनाला लावून घेऊ नका. रक्त अडलं होतं तेव्हा स्नायूचा काही भाग मेला, पण काही भाग नुसता बधिर झालाय. वाहिनी उघडल्यावर तो लगेच हलायला लागत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून छातीत झटका देणारं यंत्र बसवायचं की नाही, हे या आकड्यावर ठरवत नाहीत. अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबतात, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर तीन महिने. गोळ्या नीट घेऊन तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याखालीच राहिलं तर मग तो विषय निघतो. "तीन महिन्यांनी इथेच या, आपल्याकडेच इको करू," असं ते दोनदा म्हणाले. 'आपल्याकडेच' या शब्दाला मी तेव्हा धंद्याची भाषा समजलो. नंतर त्या समजुतीची लाज वाटली.

तीन महिने कोण थांबतो! पाच आठवडे झाल्यावर मुलाने तालुक्याच्या गावी एका ठिकाणी इको करून घेतला. दहा मिनिटांत काम झालं. कागदावर ईएफ ४९ टक्के. घरात पेढे आले. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, सेकंड क्लास!" हिने त्या दिवशी मला कळशी उचलू दिली.

मग ठरलेल्या तारखेला हॉस्पिटलात गेलो आणि तिथे ईएफ आलं ४१.

परतीच्या एसटीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. पस्तीसवरून एकोणपन्नास, तिथून एक्केचाळीस. गोळ्या एक दिवस चुकल्या नव्हत्या, मीठ बंद होतं, रोज दोन किलोमीटर चालणं चालू होतं. मग दीड-दोन महिन्यांत आठ टक्के गेले कुठे? मेहुणा म्हणाला, गोळ्या बदलून घ्या. मुलगा म्हणाला, पुण्याला दाखवू. रात्री झोप लागेना म्हणून मी उठून तिन्ही कागद स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा ती जुनी खोड आठवली. मी ईएफची ओळ सोडून त्याच्या वरच्या ओळी वाचल्या.

हॉस्पिटलच्या दोन्ही कागदांवर ईडीव्ही आणि ईएसव्ही मिलीमध्ये लिहिलेले होते आणि पुढे 'सिम्प्सन' असा शब्द होता. तालुक्याच्या कागदावर मिली नव्हतेच. तिथे दोन लांब्या होत्या, सेंटिमीटरमध्ये: कप्प्याची रुंदी भरलेला असताना ५.२ आणि आकसल्यावर ३.९. पुढे 'एम-मोड, टायकोल्झ'. लांबीवरून घनफळ? आणि सिम्प्सन तर माझ्या ओळखीचा माणूस! वेड्यावाकड्या बांधाच्या शेताचं क्षेत्र काढताना आम्ही मधोमध सरळ रेषा धरून ठरावीक अंतरावर काटकोनात ऑफसेट घ्यायचो, आणि त्या ऑफसेटवरून ज्या नियमाने क्षेत्र काढायचं त्यातला एक सिम्प्सनचा. ईटीएस यंत्र आल्यापासून तो नियम कुणी हाताने वापरत नाही, पण परीक्षेला पाठ केलेला होता.

दुसऱ्या आठवड्यात रक्तदाबाच्या गोळीचा डोस तपासायला जायचं होतं. तेव्हा इको करणाऱ्या मॅडमना विचारलं, हे दोन आकडे दोन तऱ्हेने मोजलेत का? त्यांनी आधी माझ्याकडे, मग कागदाकडे पाहिलं. "काका, तुम्ही काय करायचात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग शेवटच्या पेशंटनंतर थांबा. दाखवते."

त्या अर्ध्या तासात जे कळलं ते मी शक्य तितकं तसंच सांगतो.

टायकोल्झच्या रीतीत कप्प्याची रुंदी एकाच ठिकाणी, झडपेच्या जरा खाली, मोजतात. भरलेला असताना एकदा, आकसल्यावर एकदा. मग कप्पा एका ठरावीक, सगळीकडून सारख्या आकसणाऱ्या आकाराचा आहे असं धरून एका सूत्राने त्या रुंदीचं घनफळ करतात. त्यांनी माझे ५.२ आणि ३.९ त्या सूत्रात घातले, तर साधारण १३० आणि ६६ मिली आले, आणि त्यातून ४९ टक्के. म्हणजे तालुक्याच्या माणसाने गणित चुकवलं नव्हतं. चूक गृहीतात होती. माझा अटॅक हृदयाच्या पुढच्या भिंतीचा आणि टोकाचा. खालचं टोक आणि त्याच्या लगतचा भाग हलतच नव्हता. वरचा, झडपेजवळचा भाग मात्र शाबूत होता, आणि नेमकी तिथेच टेप लावलेली. एका शेताची रुंदी वरच्या बांधाला मोजायची, खालचा निम्मा भाग ओढ्याने खाल्लाय हे बघायचंच नाही, आणि सातबाऱ्यावर पूर्ण क्षेत्र चढवायचं, असला तो प्रकार. हृदय सगळीकडून सारखं चालत असेल तर ही रीत चालून जाते. अटॅक आलेल्या माणसात ती हमखास फसवते, बहुतेक वेळा नको त्या बाजूला.

मग त्यांनी माझी सिम्प्सनची चित्रं लावली. आमच्या नियमाशी या सिम्प्सनचं नातं दूरचं आहे, पण युक्ती तीच. कप्प्याचा आतला काठ माउसने रेखायचा, यंत्र त्या आकाराच्या आडव्या वीस चकत्या पाडतं आणि चकत्यांची घनफळं मिळवतं. हे दोन बाजूंनी करायचं, एकदा चार कप्पे दिसतात त्या दृश्यात आणि एकदा छातीवर टेकवलेला प्रोब काटकोनात फिरवून दोन कप्पे दिसतात त्यात, म्हणजे टोकाकडचा न हलणारा भाग हिशेबात येतो.

रेषा कुठून काढायची यावर मी जन्म घालवलेला. त्यामुळे पडद्यावर पाहिलं तेव्हा माझा जीव आधी हलका झाला आणि मग जड. कारण तिथे रेषा नव्हतीच. करड्या रंगाचं धुकं आणि काळं धुकं, आणि मधे कुठेतरी काठ. आत स्नायूचे दोन उंचवटे डोकावत होते. ते भिंतीत धरायचे की पोकळीत? मॅडम म्हणाल्या, नियमाने पोकळीत, रेषा त्यांच्या मागून न्यायची. काही जण पुढून नेतात. बांध कुणाच्या क्षेत्रात धरायचा, यावर मी लोकांना कोर्टात जाताना पाहिलंय, त्यामुळे मला हसू आलं. दुसरी अडचण टोकाची. प्रोब हृदयाच्या खऱ्या टोकावर नसून थोडा वर सरकला असेल तर कप्पा तिरका कापला जातो, आखूड दिसतो, आणि जे टोक वाटतं ते टोक नसतंच, बाजूची चालती भिंत असते. म्हणजे पुन्हा ईएफ फुगतं. म्हणून तर डाव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला लावून, बरगडीत प्रोब रुतवून त्या माझा जीव खात होत्या.

मी म्हटलं, तुम्ही हीच रेषा पुन्हा काढा. त्यांनी तीच साठवलेली चित्रं घेतली, आधीच्या रेषा पुसल्या, आणि पुन्हा रेखल्या. आधी ईडीव्ही ११८ आणि ईएसव्ही ७० होतं, ईएफ ४१. आता ईडीव्ही ११८ च आलं, पण आकसलेल्या चित्रातली रेषा टोकाशी केसभर आतून गेली आणि ईएसव्ही झालं ६६. ईएफ ४४. तेच हृदय, तेच ठोके, तोच हात, मधे पाच मिनिटं. फरक चार मिलीचा. चहाचा चमचा भरायला पाच लागतात.

"पाचेक टक्के इकडेतिकडे हे धरूनच चालायचं," त्या म्हणाल्या. "यंत्र वेगळं, हात वेगळा असेल तर त्याहून जास्त. काही जण तर मोजतच नाहीत. नजरेने अंदाज करतात आणि ४५ लिहितात. अनुभवी नजर वाईट नसते, पण मग तो अंदाज आहे असं कागदावर लिहायला हवं." मग त्यांनी आकडा हलवणाऱ्या बाकीच्या गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी रक्तदाब किती होता? एसटी चुकेल म्हणून धावत आलो होतो, १५८ वर ९४ भरला होता. समोर दाब जास्त असला की हृदयाला ढकलायला जड जातं आणि ईएफ थोडं खाली येऊ शकतं. नाडी अनियमित असेल तर एक ठोका ५० सांगतो, पुढचा ३५, म्हणून चार-पाच ठोक्यांची सरासरी काढावी लागते. माझी नियमित होती.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मला दहा दिवस खात होता. पस्तीसवरून एक्केचाळीस, म्हणजे मी सुधारलो की नाही? त्यांचं उत्तर मला आवडलं. नुसत्या ईएफवरून त्या छाती ठोकून सांगू शकत नव्हत्या, सहा टक्के हे मोजण्यातल्या चुकीच्या हद्दीतच येतात. पण त्या दुसरीकडे बघत होत्या. एवढ्या मोठ्या अटॅकनंतर कप्पा हळूहळू पसरायला लागतो, ईडीव्ही वाढत जातं. माझं १२० चं ११८ होतं, म्हणजे पसरला नव्हता. पुढची भिंत आधी अजिबात हलत नव्हती, ती आता थोडी आत येत होती. टोकाशी रक्ताची गुठळी तर नाही ना, हे त्यांनी वेगळं निरखून पाहिलं होतं, कारण थांबलेल्या टोकात ती धरते, आणि ती धरली आहे की नाही हे ईएफ कधीच सांगत नाही. तालुक्याच्या कागदावर टोकाबद्दल एक शब्द नव्हता.

४१ च्या जागेबद्दलही त्या बोलल्या. पुस्तकात हद्दीचे दगड रोवलेले आहेत: ४० आणि त्याखाली 'कमी', ४१ ते ४९ 'थोडं कमी', ५० पासून वर 'राखलेलं'. मी बरोबर दगडाला खेटून उभा. मग आज कमी की थोडं कमी? त्या म्हणाल्या, दगड संशोधनासाठी सोयीचे, तुमच्या स्नायूला ते दिसत नाहीत. तुमच्या गोळ्या दोन्हीकडे त्याच. झटक्याच्या यंत्राचा प्रश्न मात्र तूर्त मिटला.

मी शिबिरातल्या साठचं गाऱ्हाणंही काढलं. त्या म्हणाल्या, तो आकडा बहुधा खरा असेल. वाहिनी बरीच अरुंद झाली तरी माणूस आडवा पडून असताना स्नायूला तेवढं रक्त पुरतं, तो छान आकसतो, आणि ईएफ साठ येतं. धावताना पुरत नाही, पण इकोच्या टेबलावर कोण धावतं? इकोत स्नायूचं काम दिसतं, वाहिन्यांतला अडथळा दिसत नाही. चढावरची ती जळजळच तुमचा खरा रिपोर्ट होती, काका, तो तुम्ही वाचला नाहीत. यावर मी गप्प बसलो.

निघता निघता त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, ती मी इथे लिहितो कारण ती गावाकडच्या माणसाला पटकन कळेल. माझ्या हिशेबात ११८ वजा ७०, म्हणजे ४८ मिली 'बाहेर' गेले. ते पुढेच गेले असं धरता आलं, कारण माझी झडप गळत नाही. डाव्या दोन कप्प्यांमधली झडप खूप गळत असेल तर प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे, वरच्या कप्प्यात जातं. ईएफच्या वजाबाकीत ते 'बाहेर गेलं' असंच धरलं जातं. विहिरीवरची मोटर झकास पाणी उचलते आहे, पण पाइप विहिरीच्या तोंडाशीच फुटलाय आणि अर्धं पाणी परत विहिरीत पडतंय. मोटरचा आकडा उत्तम, उसाला पाणी नाही. म्हणून अशी झडप खूप गळत असलेल्या पेशंटमध्ये ईएफ ६० पर्यंत उतरलं तरी डॉक्टर ऑपरेशनचा विचार करू लागतात, पन्नासची वाट बघत बसत नाहीत. तोच ६० मला शिबिरात 'नॉर्मल' म्हणून मिळाला होता.

हे सगळं ऐकून मी घरी आलो, आणि आल्या आल्या अक्काची फाइल मागवून घेतली.

अक्का माझी थोरली बहीण, वय ७१, रक्तदाब वीस वर्षांचा, साखर बारा वर्षांची. तिला वर्षभर दम लागत होता. आमच्या घराचा जिना चौदा पायऱ्यांचा, ती तीनदा थांबायची. रात्री दोन उशा लागायच्या. संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खळगा राहायचा. दोन वेळा इको झाला होता, दोन्ही वेळा ईएफ ६२. दोन्ही वेळा तिला सांगितलं गेलं की हृदय उत्तम आहे, वजन कमी करा, वय झालंय. मेहुणा तिला 'फर्स्ट क्लास' म्हणायचा, आणि मी पस्तीसवाला रोज दोन किलोमीटर चालून येऊन तिला पाण्याचा तांब्या द्यायचो.

तिच्या कागदावर सिम्प्सनचे आकडे होते. ईडीव्ही ६८, ईएसव्ही २६. मी वजाबाकी केली आणि पेन्सिल खाली ठेवली. ४२ मिली. माझ्या अटॅकच्या दुसऱ्या दिवशी, ज्या आकड्यावरून घरात रडारड झाली, तेव्हाही माझ्या हृदयातून ४२ च मिली जात होते. मोठ्या हंड्यातून पस्तीस टक्के आणि छोट्या तांब्यातून बासष्ट टक्के, ओतलेलं पाणी तेवढंच. ईएफ हे गुणोत्तर आहे. भांडं केवढं, हे त्यातून पुसून जातं.

भांडं लहान का, तेही त्याच कागदावर होतं, फक्त कुणी वाचून दाखवलं नव्हतं. भिंतीची जाडी १.३ सेंटिमीटर, बायकांत ती ०.९ पर्यंत असते. वीस वर्षं दाबाविरुद्ध ढकलून स्नायू जाड आणि ताठ झालेला. असा कप्पा आकसायला तयार असतो, पण सैल पडायला नाही. तो भरतानाच अडतो, मग त्याच्या मागच्या वरच्या कप्प्यात दाब चढतो आणि तिथून फुप्फुसात, म्हणून दम. वरच्या कप्प्याचं शरीराच्या मापाने काढलेलं घनफळ ४४ लिहिलं होतं, ३४ च्या पुढे तो फुगलेला मानतात. 'ई बाय ई प्राइम' म्हणून एक आकडा असतो, भरताना किती दाब लागतोय याचा अंदाज देणारा. सरासरी १४ च्या पुढे गेला तर शंका घ्यायची, तिचा १७. हे तिन्ही आकडे वरच्या ओळींत होते आणि खाली ठळक अक्षरात 'नॉर्मल ईएफ'.

मी मॅडमना फोन केला नाही, फोनवर आकडे सांगून निदान मागणाऱ्या लोकांचा मला नोकरीत वीट आला होता. अक्कालाच घेऊन गेलो. त्यांनी कागद वरून खाली वाचला, पाय पाहिले, मानेची शीर पाहिली, आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली, एनटी-प्रोबीएनपी. कप्प्यावर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. वाढलेला निघाला. निदान झालं हार्ट फेल्युअरचं, ईएफ राखलेल्या प्रकारचं. अक्का म्हणाली, "अगं, पण बासष्ट आहे ना?" मॅडम म्हणाल्या, "हो मावशी, आणि तुम्हाला चौदा पायऱ्या चढवत नाहीत."

लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. साखरेची एक गोळी बदलून दुसरी दिली, जी आता साखर नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटलाही देतात. रक्तदाब आवळून धरला. आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून वहीत लिहायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे, लगेच कळवायचं.

मी माझीही वही सुरू केली. तारीख, ठिकाण, रीत, ईडीव्ही, ईएसव्ही, मग ईएफ, आणि त्याच्यापुढे त्या वेळचा रक्तदाब आणि नाडी. तालुक्याचा ४९ मी खोडला नाही, त्याच्यापुढे 'टायकोल्झ' लिहून कंस केला, जसा जुन्या टिपणातल्या चुकीच्या मापाला करायचो. नऊ महिन्यांनी त्याच यंत्रावर, मॅडमच्याच हातून पुन्हा इको झाला: ११२, ६०, ईएफ ४६. या वेळी ईएसव्हीसुद्धा खाली आलं होतं, म्हणून त्या स्वतःहून म्हणाल्या की हे सुधारलंय. गोळ्या बंद करायच्या का, हे मी विचारून पाहिलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

अक्काचा इकोही त्याच दिवशी केला. आता ती एका उशीवर झोपते, पायावरचा खळगा गेलाय, वजन पाच किलोने उतरलंय, आणि मागच्या आठवड्यात पापड वाळत घालायला ती आमच्या गच्चीवर एकदाही न थांबता चढली. वर पोचून तिने पदराने घाम पुसला आणि मेहुण्याने खालून हाक मारून विचारलं, "अक्का, आता किती आलं?"

"एकसष्ट," ती वरून ओरडली.